जुन्या बाजारात जायच्या आधी कपाट उघड

अगं, जुने, वापरलेले कपडे घ्यायला बाजारात जायच्या आधी कपाट उघड आणि कुठले कपडे केवळ जोडीला काही नाही म्हणून पडून आहेत ते बघ. तुझ्याकडे कुर्ते भरपूर आहेत म्हणतेस, पण ग्वाल्हेरच्या जानेवारीत त्यांच्यावर घालायला काही नाही, मग गॅप एकच: गडद रंगाचं, पुढून उघडं लोकरी कार्डिगन. एवढंच मोबाईलमध्ये लिहून ठेव.

मग नीट बसणारं एखादं जॅकेट पलंगावर सपाट पसरून खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत माप घे, आणि टेप सोबत ने, कारण जुन्या कपड्यावरच्या साइजवर भरवसा नाही, धुऊन लोकर आटलेली असते. विणलेल्याचा खांदा टेलर सहसा नीट करून देत नाही, बटणं मात्र घरी बदलता येतात.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- स्वस्त म्हणून घेतात, घरी त्यासोबत घालायला काहीच नसतं. निदान तीन कुर्त्यांवर चालत नसेल तर सोड.
- उजेडात धरून बघत नाहीत. बारीक भोकं म्हणजे कसर लागलेली, ते घरी आणूच नको, बाकी लोकरीलाही लागेल.

कोपर आणि काख मात्र आधी बघ, झिजतं तिथेच.