चवथीचा वायदा देऊ नका

«माझा शाळेपासूनचा मित्र मांद्र्याला राहतो. घराच्या मागच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत, म्हणून त्याने ई-मेल पाठवून तीन लाख रुपये उसने मागितले आहेत. फोन केला तेव्हा "मेल वाच आणि सांग" एवढेच म्हणाला. पैसे माझ्याकडे आहेत, पण मला द्यायचे नाहीत. मैत्री मात्र तुटता कामा नये. "पैसे मुदत ठेवीत आहेत, चवथीनंतर बघूया" असे उत्तर लिहून ठेवले आहे. पाठवू का?»
— एक वाचक, फोंडा

पाठवू नका. पैसे न देण्याचा तुमचा निर्णय मला मुळीच खटकला नाही. तुमचे पैसे आहेत, ते द्यायचे की नाही हे तुम्हीच ठरवायचे. खटकली ती तुमची चवथ.

किनारपट्टीवर पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, आणि त्याआधी खोल्या तयार हव्या असतील तर पावसाचा जोर ओसरताच, म्हणजे साधारण चवथीच्या सुमारास, कामाला हात घालावा लागतो. म्हणजे ज्या दिवसांत त्याला पैसे लागणार, नेमके तेच दिवस तुम्ही त्याला सांगून ठेवत आहात. तुमच्या लेखी तो नकार असेल, पण तो वाचेल होकारच. त्या भरवशावर तो कंत्राटदाराला शब्द देईल, कदाचित थोडी आगाऊ रक्कमही देईल आणि दुसरीकडे विचारायचे थांबेल. बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे जायचे तर एक-चौदाचा उतारा, घर वडिलोपार्जित असल्यास भावंडांची संमती, पंचायतीचा परवाना अशी कागदपत्रे जमवण्यातच आठवडे निघून जातात, हे गोव्यात घर दुरुस्त केलेल्या कोणालाही विचारा. तुमच्या मेलमुळे त्याचे हेच आठवडे वाया जातील. चवथीनंतर तुम्ही पुन्हा अडखळलात की तो जो रागावेल, तो पैसे न दिल्याबद्दल नसेल, ताटकळत ठेवल्याबद्दल असेल, आणि तो राग रास्त असेल.

मुदत ठेवीची सबब तर एक दिवसही टिकणार नाही. साधी ठेव मुदतीआधी मोडता येते, थोडे व्याज कमी मिळते इतकेच. शिवाय बहुतेक बँका ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्जही देतात. तुमचा मित्र उलट टपाली लिहील, "ठेव मोडू नकोस, तिच्यावर कर्ज काढ, व्याज मी भरतो." मग काय लिहिणार? घरात विचारावे लागेल, असे? गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर तुमच्या मिळकतीत पत्नीचा निम्मा वाटा असतो हे खरे, पण म्हणून तिला नकाराची ढाल करू नका. मित्र तुमच्यावरचा राग विसरेल, तिच्यावरचा विसरणार नाही, आणि तिने तर काही केलेलेही नाही.

त्याने फोनवर विषय टाळून मेल वाचायला सांगितले, यावरून मला वाटते की नकार तोंडावर ऐकायचा प्रसंग त्याला नको आहे. तेवढा मान राखा आणि उत्तरही मेलनेच, आज रात्रीच द्या. हवे तर असेच लिहा:

"तुझा मेल वाचला. खोल्या काढायचा विचार मला पटला. पण पैसे मी देणार नाही, आताही नाही आणि चवथीनंतरही नाही. मित्रांशी पैशांचा व्यवहार करायला माझे मन घेत नाही. तुझ्यावरच्या विश्वासाचा हा प्रश्न नाही. तुला दुसरीकडे विचारायला वेळ मिळावा म्हणून लगेच कळवतो आहे. रविवारी मांद्र्याला येतो, खोल्यांची जागा दाखव."

यात एकही शब्द वाढवू नका. मुलांच्या फीचा, स्वतःच्या खर्चाचा हिशेब मांडलात की तो प्रत्येक खर्चावर उपाय सुचवू लागेल आणि तुम्ही त्याच्याशी घासाघीस करत बसाल. माफीही चार वेळा मागू नका, कारण इतका अपराधी वाटणारा माणूस अजून वळेल, असे कोणालाही वाटते.

रविवारी मात्र जाच. नकार देणारा माणूस लाजेने भेटायचे टाळतो आणि मागणाऱ्याला वाटते की पुन्हा पैसे मागेन म्हणून हा दूर राहतो आहे; बहुतेक मैत्र्या मोडतात त्या इथे. पैशांचा विषय तुम्ही काढू नका. त्यानेच काढला आणि "निदान एक लाख तरी" म्हणाला, तर नवे कारण न शोधता "नाही रे, मेलमध्ये लिहिले तेच" एवढे म्हणा आणि खोल्यांना दार कुठल्या बाजूने ठेवणार ते विचारा.