एनसी नोंदवली म्हणजे केस सुरू झाली असं नाही: किरकोळ गुन्ह्याची मुदत कशी मोजतात

प्रश्न: चोपडा तालुक्यातले आहोत. ५ ऑगस्ट २०२४ ला बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं. त्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, तोंडावर बुक्क्या मारल्या आणि ‘बघून घेईन’ अशी धमकी दिली. त्याच दिवशी पोलीस स्टेशनला एनसी दिली. आता १४ महिने झाले, काहीच हालचाल नाही. ओळखीचे वकील म्हणाले, मारहाणीला एक वर्षाचीच मुदत असते, ती संपली. मग खुनाची केस वीस वर्षांनी चालते ती कशी? गरिबाच्या मारालाच मुदत का?

उत्तर:

भाऊ, वकीलसाहेबांनी सांगितलेली एक वर्षाची मुदत फक्त साध्या दुखापतीला लागू आहे. तुमच्या एनसीवर दुसरीही कलमं असतील तर हिशेब बदलतो आणि तुमची मुदत कदाचित अजून शिल्लक आहे. म्हणून आधी एनसीची प्रत हातात घ्या. नसेल तर पोलीस स्टेशनला अर्ज देऊन मिळवा.

नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पूर्वी हाच नियम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होता. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची. एक वर्षापर्यंत कैद असेल तर मुदत एक वर्षाची. एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षांची. इथे कलमात लिहिलेली जास्तीत जास्त शिक्षा बघायची. न्यायाधीश प्रत्यक्षात किती देतील याचा संबंध नाही. साध्या दुखापतीच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा दंडावरच भागतं, म्हणून काही जण सहा महिन्यांची मुदत धरून बसतात. ते चूक आहे.

आता तुमची कलमं बघू. बुक्क्यांची साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), शिक्षा एक वर्षापर्यंत. शांतता भंग व्हावी म्हणून केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो आणि साधी धमकी कलम ३५१(२) मध्ये. या दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे बांधाच्या भांडणाच्या एनसीवर ही तीन कलमं बहुधा एकत्रच दिसतात. जुन्या कायद्यात ती ३२३, ५०४ आणि ५०६ म्हणून लिहिली जायची.

कलम ५१४ चं तिसरं पोटकलम सांगतं की एकत्र चालवता येणाऱ्या गुन्ह्यांची मुदत त्यातल्या जास्त शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरवायची. शिव्या, मार आणि धमकी एकाच प्रसंगात झाली, म्हणजे ती एकत्र चालवता येतात. त्यातली जास्त शिक्षा दोन वर्षांची, म्हणून मुदत तीन वर्षांची. घटनेचा दिवस मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे फक्त ११५(२) असेल तर मुदत ५ ऑगस्ट २०२५ ला संपली. सोबत ३५२ किंवा ३५१(२) असेल तर ती ५ ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. शेवटी कोर्टाने फक्त दुखापतीचीच शिक्षा दिली तरी केस मुदतबाह्य ठरत नाही. मुदत आरोप ठेवलेल्या गुन्ह्यावरून बघायची, सिद्ध झालेल्या गुन्ह्यावरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तारा दत्त प्रकरणात सांगितलं आहे.

पण मुदत वाढावी म्हणून कलम चिकटवू नका. नुसती शिवी दिली की ३५२ होत नाही. ऐकणाऱ्याने चिडून शांतता मोडावी असा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. कोणते शब्द वापरले, कुठे उभं राहून बोलला, कोणी ऐकलं, हे फिर्यादीत जसंच्या तसं लिहा. ‘अर्वाच्य शिवीगाळ केली’ एवढ्याच वाक्यावर ते कलम गळून पडतं, आणि दखल घेण्याआधीच गळालं तर मुदत पुन्हा एक वर्षावर येते.

एनसी दिल्यावरही मुदत का थांबली नाही, हे समजून घ्या, कारण सर्वात जास्त लोक इथेच फसतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पोलीस ती वहीत नोंदवतात आणि तुम्हाला कोर्टात दाद मागायला सांगतात. एनसीच्या कागदावर तशी एक ओळ असते, पण ती कोणी वाचत नाही. पोलिसांच्या नजरेत त्यांचं काम तिथे झालेलं असतं आणि फिर्यादी मात्र समन्सची वाट बघत बसतो.

मुदतीसाठी कोणती तारीख धरायची यावर पूर्वी वाद होता: फिर्याद दाखल झाल्याची, की दंडाधिकाऱ्यांनी दखल घेतल्याची? २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की फिर्याद दाखल झाल्याची. कोर्टाने कागद चार महिने पडू दिले तर त्याचं खापर फिर्यादीवर फुटायला नको. नव्या संहितेत हे कलम ५१४ च्या स्पष्टीकरणातच आलं आहे. त्यात दोनच तारखा आहेत: कलम २२३ खाली कोर्टात फिर्याद दाखल केल्याची, किंवा कलम १७३ खाली पोलिसांनी खबर नोंदवल्याची. कलम १७३ दखलपात्र गुन्ह्यांचं आहे, ज्याला आपण एफआयआर म्हणतो. एनसी कलम १७४ मध्ये येते आणि स्पष्टीकरणात १७४ चा उल्लेख नाही. म्हणून एनसीच्या तारखेवर विसंबू नका.

खुनाचं कसं, हे विचारलंत. कलम ५१४ ची यादी तीन वर्षांच्या शिक्षेवर संपते. तीनपेक्षा जास्त वर्षांची कैद असलेल्या गुन्ह्याला या कलमात मुदतच लिहिलेली नाही. त्यामुळे खून, बलात्कार, दरोडा कधीही कोर्टात आणता येतो. १८९८ च्या जुन्या संहितेत तर अशी सर्वसाधारण मुदत कोणत्याच गुन्ह्याला नव्हती. विधी आयोगाने आपल्या ४२ व्या अहवालात शिफारस केली आणि १९७३ च्या संहितेत ती किरकोळ गुन्ह्यांपुरती आली.

यामागचं कारण पुराव्याच्या जातीत आहे. बुक्कीची सूज आठवड्यात उतरते. त्यानंतर उरतात दोन बाजूंचे शब्द आणि बांधावर उभ्या असलेल्या दोनचार माणसांची आठवण. पाच वर्षांनी ती माणसं कोणाच्या नात्यात गेली, कोणाशी बोलेनाशी झाली, यावर साक्ष फिरते. अशा वेळी निर्दोष माणसालाही आपली बाजू मांडता येत नाही. जुनं भांडण उकरून काढायला फौजदारी केस हे सोपं हत्यार होतं, आणि भाऊबंदकीत ते किती चालतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोठ्या गुन्ह्यात शवविच्छेदनाचा अहवाल आणि जप्त वस्तू मागे राहतात. मुख्य म्हणजे खुनी दडून राहिला किंवा साक्षीदारांना दाबून बसला, तर त्याला त्या दडण्याचाच फायदा द्यायचा का? तिथे समाजाचं नुकसान इतकं मोठं आहे की कायदा वेळ गेली म्हणून दार बंद करत नाही. गरीब-श्रीमंत हा फरक त्यात नाही, गुन्ह्याच्या वजनाचा आहे. आपल्या गावातल्या कष्टकऱ्याला मात्र कोर्टाची पायरी चढायला उशीर होतो आणि म्हणून छोट्या मुदतीचा फटका त्यालाच जास्त बसतो, ही तुमची तक्रार मला खरी वाटते.

मोठा आणि छोटा गुन्हा यांतली रेघ तुमच्याच प्रसंगात दिसू शकते. तोंडावर बुक्क्या बसल्या म्हणता, तर दात तुटला किंवा हलला होता का? दात किंवा हाड मोडणं अथवा निखळणं म्हणजे कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तरी तसंच. तिचं कलम ११७(२), शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र, आणि मुदत नाही. नेहमी घडतं ते असं: घटनेच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर सूज बघून साधी दुखापत लिहितात, एनसी त्यावर होते, दोन दिवसांनी एक्सरेत दात किंवा जबडा मोडल्याचं निघतं आणि तो कागद पोलीस स्टेशनला पोहोचतच नाही. तुमच्याकडे तसा एक्सरे किंवा दंतवैद्याचा कागद असेल तर तो पोलीस स्टेशनला द्या आणि एफआयआर मागा. घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तरीही न झाल्यास प्रतिज्ञापत्रासह कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मुदत नसली तरी उशिराचं कारण सांगावं लागतंच. इतके दिवस गप्प का बसलात, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो.

दात-हाडाचा काही कागद नसेल तर वकिलांमार्फत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम २२३ ची खाजगी फिर्याद दाखल करा. सोबत एनसीची प्रत, दवाखान्याचं प्रमाणपत्र आणि साक्षीदारांची यादी लावा. दाखल केल्याच्या तारखेचा शिक्का असलेली प्रत स्वतःकडे ठेवा, कारण पुढे मुदतीचा वाद निघाला तर तोच कागद बोलतो. तुमचा आणि हजर साक्षीदारांचा शपथेवर जबाब होईल. नव्या कायद्याने दखल घेण्याआधी आरोपीलाही बोलण्याची संधी द्यावी लागते, तेव्हा मुदतीचा मुद्दा समोरून तिथेच येईल अशी तयारी ठेवा.

आणि एनसीवर खरोखर ११५(२) एकटंच असेल, प्रसंगातही दुसरं काही बसत नसेल, तर फिर्यादीसोबतच कलम ५१९ खाली विलंब माफीचा अर्ज द्या. उशिराचं समाधानकारक कारण किंवा न्यायाची गरज, यांपैकी एक पटलं तर कोर्ट मुदत संपल्यावरही दखल घेऊ शकतं. ‘एनसी दिली होती, पोलीस करतील असं वाटलं’ एवढं सहसा पुरत नाही. पोलीस स्टेशनला दिलेले स्मरण अर्ज, त्यांच्या पोचपावत्या, मधल्या काळातल्या आजारपणाचे कागद, हे तारखांसकट लावा. आरोपीला नोटीस देऊन त्याचं ऐकल्याशिवाय विलंब माफ करता येत नाही, असं महाराष्ट्र शासन विरुद्ध शरदचंद्र डोंगरे या प्रकरणात ठरलेलं आहे. म्हणून विलंब माफीवर दोन्ही बाजू ऐकून कारणांसह लेखी आदेश झाला आहे ना, हे वकिलांना बघायला सांगा. तो नसेल तर पुढची सगळी केस वरच्या कोर्टात त्याच एका मुद्द्यावर पडू शकते.