रापणीची राखण झाली
प्रश्न: माझ्या मुलाने हाताने लिहिलेला प्रकल्प शिक्षकांनी स्कॅन करून, मजकूर ओळखून, एआय डिटेक्टरमध्ये टाकला. ८० टक्क्यांवर मशीनचं लेखन असं आलं. असं कसं होतं?

मी मालवण तालुक्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात हे घडलं, आणि त्या मुलाला दोष देण्याआधी मी एक पान नीट तपासलं हे बरं झालं.

विषय होता रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. मुलाच्या पानावर एक ओळ अशी होती: ‘पाउस ओसरला की रापनीक मानसा जमतत.’ शुद्धलेखन चुकलेलं, अर्धं मालवणी, पण वाक्य शंभर टक्के त्याचं. फोनवरच्या अ‍ॅपने पान वाचून जो मजकूर दिला त्यात तीच ओळ अशी झाली होती: ‘पाऊस ओसरला की राखणीस माणसे जमतात.’ रापणीची राखण झाली, मालवणी गेली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. पुढे ‘पाग’ या जाळ्याचा ‘भाग’ झाला होता. डिटेक्टरने तपासला तो हा मजकूर. मुलाचं पान त्याने पाहिलंच नव्हतं.

हे का होतं ते सांगतो. हस्ताक्षर ओळखणारी आजची बरीच साधनं फक्त अक्षराचा आकार बघत नाहीत. अक्षर संदिग्ध असलं की आधीच्या शब्दांवरून इथे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे बघून तो शब्द ठेवतात. बरेचसे डिटेक्टर नेमकं हेच मोजतात: पुढचा शब्द किती अपेक्षित होता. शब्द सतत अपेक्षित निघाले की लेखन मशीनचं वाटतं. म्हणजे एका यंत्राने मुलाचे अनपेक्षित शब्द काढून अपेक्षित शब्द बसवले आणि दुसऱ्या यंत्राने त्याच अपेक्षित शब्दांवर बोट ठेवलं. बोलीतले शब्द आणि शुद्धलेखनाच्या चुका यांतच मुलाची ओळख होती, आणि नेमकी तीच पुसली गेली.

मी ते पान समोर ठेवून स्वतः टाईप केलं, चुकीला चूक ठेवून. ‘पाउस’ तर ‘पाउस’च. २१२ शब्दांच्या त्या पानात अ‍ॅपच्या मजकुरातले ३१ शब्द वेगळे निघाले, त्यांतले १९ मुलाची चूक किंवा बोली ‘दुरुस्त’ केल्यामुळे. अ‍ॅपच्या मजकुराला डिटेक्टरने ८४ टक्के दिले होते, माझ्या टाईप केलेल्या प्रतीला ३७.

मग आणखी एका जुन्या साधनातून तेच पान काढलं. ते शब्दांचा अंदाज बांधत नाही, दिसेल ते अक्षर लिहितं. त्याची ओळ: ‘पाउम ओसरला कौ रापजीक मानमा जमतत.’ यावर आकडा आला ९. म्हणजे चुका उलट्या दिशेनेही ओढतात. असला कचरा मजकूर कुठल्याच मशीनला अपेक्षित नसतो, म्हणून तो माणसाचा ठरतो. एखाद्या मुलाने खरंच मशीनकडून निबंध घेऊन तो हाताने उतरवला असेल, तर असल्या वाचनामुळे तो सहज सुटेल.

अक्षरांच्या चुका कमी वाटल्या तरी शब्दांचं नुकसान मोठं असतं. शंभरात ५ अक्षरं चुकली आणि शब्द सरासरी ६ अक्षरांचा धरला, तर चुका विखुरलेल्या असताना साधारण दर चौथा शब्द बिघडतो. पावसाळ्यात आमच्याकडे वह्या दमट होतात, शाई फुटते, मागच्या पानावरचं इकडे उमटतं. अनुस्वार आणि पूर्णविराम हे नुसते ठिपके, ते आधी हरवतात. पूर्णविराम गेला की दोन वाक्यांचं एक होतं, आणि वाक्यांच्या लांबीतला चढउतार बघणारा डिटेक्टर तिथेही फसतो.

तुम्ही शिक्षकांकडे दोन गोष्टी मागा: डिटेक्टरमध्ये टाकलेला नेमका मजकूर आणि मूळ पान. दोन्ही शेजारी ठेवून एक पान शब्दाशब्दाने जुळवा. फरक पडलेले शब्द अर्थहीन असतील तर कच्चं वाचन झालंय. ते शब्द अर्थपूर्ण आणि शुद्ध असतील, पण मुलाने लिहिलेलेच नसतील, तर यंत्राने सुधारलंय, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत मला हीच शंका जास्त वाटते. मग तेच पान जसंच्या तसं टाईप करून त्याच डिटेक्टरमध्ये पुन्हा टाकायला सांगा. आकडा बराच हलला तर पहिल्या आकड्यावर कुणालाच काही ठरवता येणार नाही. हलला नाही, तर निदान वाचनाचा दोष नाही एवढं कळेल. तरी त्याने मुलगा दोषी ठरत नाही, कारण नीटनेटकं, पुस्तकी मराठी लिहिणाऱ्या मुलांनाही हे डिटेक्टर मशीन ठरवतात.

मी शेवटी त्या मुलाला समोर बसवून विचारलं, पाग आणि रापण यात फरक काय. तो दहा मिनिटं बोलत होता: पाग एकट्याने फेकायचा, रापण ओढायला अख्खी वाडी लागते, दोराला कोण कुठे उभं राहतं. त्याचे गुण मी त्यावर दिले.