तोंड एका बाजूला वाकडं झालं तर तो पॅरालिसिसचा झटका की बेल्स पाल्सी, हे डॉक्टर कसं ओळखतात?

कपाळ बघून. "भुवया वर उचला" असं आम्ही म्हणतो ते त्यासाठीच.

मी पुण्यात फिजिशियन आहे. मागच्या डिसेंबरात कात्रजहून एक रिक्षावाले काका सकाळीच कॅज्युअल्टीत आले. चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळत होतं, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. काकूंचं एकच, "तोंडावरून वारं गेलं हो!" घरचे डावी बाजू दाखवत होते. खरं तर ओढलेली बाजू धडधाकट असते, बिघडलेली असते ती सपाट पडलेली.

भुवया उचलल्यावर काकांच्या कपाळावर डावीकडे आठ्या पडल्या, उजवीकडे मात्र इस्त्री फिरवल्यासारखं. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर उजवी पापणी अर्ध्यातच थांबली, बुबुळ वर सरकलं आणि खाली पांढरं तेवढं दिसत राहिलं. ही बेल्स पाल्सीची खूण.

कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. झटक्यात एक बाजू बंद पडली तरी दुसरी कपाळ सांभाळते, म्हणून आठ्या पडतात आणि फक्त गाल-ओठ लोंबतात. बेल्स पाल्सीत मेंदू ठीक असतो. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येणारी चेहऱ्याची नसच सुजून आवळते, त्यामुळे कपाळासकट अख्खी अर्धी बाजू जाते.

काकांना विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस उजव्या कानामागे ठणकत होतं, चहा पाणचट लागत होता आणि कुकरची शिट्टी कानात घुसत होती. त्याच नसेच्या शाखा चवीला आणि कानातल्या एका छोट्या स्नायूला जातात. कानात नागिणीचे फोड नाहीत ना, तेही पाहिलं.

पण कपाळावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मेंदूच्या देठात झटका आला तर कपाळही जाऊ शकतं. म्हणून हात पुढे धरायला लावतो, एखादा खाली घसरतो का बघतो; बोलणं, चाल, दोन-दोन दिसणं तपासतो. यातलं काहीही असेल, किंवा तोंड वाकडं असून आठ्या पडत असतील, तर थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात, झोपेतून उठल्यापासून नाही. आठ्यांची परीक्षा घरी घेत बसू नका, 108 लावा.

काकांचं बाकी सगळं नीट होतं, म्हणून स्कॅन केला नाही. स्टेरॉइड 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, ते लगेच दिलं. त्यांना डायबेटिस होता, तेव्हा साखरेवर रोज नजर. डोळा उघडा राहून बुबुळ कोरडं पडू नये म्हणून दिवसा ड्रॉप्स, रात्री मलम आणि चिकटपट्टी.

तीन आठवड्यांनी डोळा मिटायला लागला. शिट्टी वाजवायला गेले तर हवा अजून उजवीकडूनच सुटत होती.