अंतरपाट बाजूला झाला आणि फोकस तिथेच राहिला

प्रश्न: लग्नाच्या व्हिडिओत नेमका माळ घालायचा क्षण थोडा आऊट ऑफ फोकस आलाय. शार्पन करून तो नीट होईल का? किती ठेवायचं?

थोडा सुधारेल, नीट होणार नाही. किती ठेवायचं ते खाली सांगतो. पण हा प्रश्न वाचून मला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं, त्यामुळे आधी ते.

२०१९, कराडचं एक कार्यालय. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि तेव्हा माझा एक भागीदार शूट करायचा. घरचंच लग्न म्हणून मी त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. मुख्य कॅमेरा नवऱ्यामुलाच्या मागे, खांद्यावरून नवरीकडे रोखलेला. फुल फ्रेम बॉडी, ८५ची लेन्स, f/1.8, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता उडायला लागल्या आणि ऑटोफोकस प्रत्येक अक्षतेमागे धावायला लागला. म्हणून भागीदाराने फोकस लॉक केला. कशावर? समोर जे स्पष्ट दिसत होतं त्यावर, म्हणजे अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर. 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला, बहिणीने मान वर केली, हार घातला. अकरा सेकंद. आणि त्या अकराही सेकंदांत फोकस अंतरपाट जिथे होता तिथेच राहिला, तिच्या चेहऱ्याच्या साधारण एक फूट पुढे. भटजींच्या बोटातली अंगठी लख्ख, बहिणीचा चेहरा मऊ.

रात्री क्लिप बघून मी गप्प बसलो. तो म्हणाला, "अरे, शार्पन मार ना. एडिटिंगमध्ये होतं सगळं." आमचं भांडण तिथून सुरू झालं आणि माझ्या मते ते अजून संपलेलं नाही. म्हणून हिशोबच मांडतो.

कॅमेऱ्यापासून नवरी चार मीटरवर, फोकस तीन मीटर सत्तरवर. ८५ची लेन्स f/1.8 वर असताना तिच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, छोटी चकती होऊन पडतो. फोर-के फ्रेममध्ये त्या चकतीचा व्यास साधारण ९ पिक्सेल येतो. हे कागदावरचं झालं, पण तुम्हाला स्वतःच्या क्लिपमध्येही मोजता येईल. फ्रेम थांबवा, ३०० टक्के झूम करा आणि चेहऱ्याच्याच अंतरावर चमकणारी एखादी बारीक गोष्ट शोधा. नथीच्या खड्यावरची चमक, डोळ्यातला लाइटचा ठिपका, काहीही. ती चमक जेवढी पसरली असेल तेवढी तुमची चकती. आमच्या क्लिपमध्ये नथीवरची चमक मोजली तर ९ पिक्सेलच भरली.

आता तिच्या मुंडावळ्या बघा. चार मीटरवर ८५च्या लेन्सने एक मिलिमीटर म्हणजे सव्वादोन पिक्सेल. मुंडावळीतले मोती साधारण तीन मिलिमीटरवर एक, म्हणजे दर ७ पिक्सेलला एक मोती. ९ पिक्सेलची चकती एक मोती, शेजारची फट आणि पुढच्या मोत्याचा काही भाग एकत्र कालवते. पुढे सरकलं तरी तेवढाच उजेड, तेवढाच अंधार. उजेड-काळोखाचा फरक जवळपास शून्य होतो आणि मोत्यांच्या सराच्या जागी एक सलग फिकट रेघ उरते. मोती पुसट झालेत असं समजू नका, फाइलमध्ये त्यांची नोंदच उरलेली नाही. त्याहून बारीक नक्षी असेल तर आणखी वाईट: ती कधीकधी उलटी उमटते, मोत्याच्या जागी काळं आणि फटीच्या जागी पांढरं. अशा ठिकाणी शार्पन वाढवलं की जे कधी नव्हतंच ते ठळक होतं.

शार्पन नेमकं काय करतं? मूळ चित्राची एक धूसर प्रत काढतं, मूळ आणि धूसर यांतला फरक घेतं आणि तो फरक मुळात परत मिसळतं. त्यामुळे जिथे कड आहे तिथे गडद बाजू आणखी गडद आणि उजळ बाजू आणखी उजळ होते. डोळ्याला ते स्पष्ट वाटतं. कड असेल तर. मुंडावळीच्या त्या सलग रेघेला कड आहे, पण ती आख्ख्या रेघेची. मोत्यांची नाही. म्हणून भागीदाराने शार्पन शंभरावर नेलं तेव्हा मोती आलेच नाहीत. रेघ पांढरीफटक झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळी किनार आली. शेरवानीच्या खांद्याभोवती पांढरा धागा ओढल्यासारखं दिसायला लागलं. तो फरक वाढवताना कॅमेऱ्याचा दाणा आणि कॉम्प्रेशनचे चौकोनही वाढले. आईने टीव्हीवर बघितलं आणि विचारलं, "हिचा चेहरा असा खरखरीत का दिसतोय रे?" घरातले टीव्ही बहुधा स्वतःही थोडं शार्पन करतात, हे त्याने धरलंच नव्हतं.

पसरलेल्या चकतीचा आकार माहीत असेल तर उलटं गणित करून चित्र परत मिळवता येतं, असंही तो मला सांगायचा. ते गणित आहे, खोटं नाही. हबल दुर्बीण १९९०मध्ये सोडली तेव्हा तिच्या मुख्य आरशाच्या कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त घासलं गेलं होतं. प्रत्येक तारा पसरून दिसायचा. तारा म्हणजे बिंदूच, त्यामुळे धूसरपणाचा नेमका आकार शास्त्रज्ञांना हातात मिळाला होता. त्यांनी संगणकावर तो काढून तेजस्वी गोष्टी बऱ्यापैकी सुधारल्या. पण अंधूक गोष्टी गोंगाटात बुडालेल्याच राहिल्या, आणि डिसेंबर १९९३मध्ये माणसं वर जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवून आली. आपल्याकडे तर आठ बिटची फाइल, कॅमेऱ्यानेच दाबून लिहिलेली. दाबताना कॅमेरा सगळ्यात आधी बारीक, फिकट तपशील टाकून देतो. उलट्या गणिताला लागणारा माल नेमका तोच असतो.

मग मी काय केलं? पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट: फोर-के तसं न देता फुल एचडी दिलं. चित्र निम्मं केलं की ९ पिक्सेलची चकती साडेचारची होते. हे शार्पनने होत नाही, नुसत्या आकाराने होतं. मग हलकं डीनॉइज, त्यानंतर शार्पन, आणि शेवटी थोडा दाणा परत, म्हणजे कातडी मेणाची दिसत नाही. क्रम चुकवू नका. आधी शार्पन आणि मग डीनॉइज केलं तर आधी वाढवलेलाच गोंगाट पुसत बसावं लागतं. ffmpeg या मोफत साधनात हे एवढंच:

```
ffmpeg -i lagna.mov -vf "scale=1920:-2:flags=lanczos,hqdn3d=1.5:1.5:4:4,unsharp=7:7:0.8:5:5:0,noise=alls=3:allf=t" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a copy lagna_hd.mov
```

यात `unsharp` मधला 0.8 हा जोर. शेवटचा 0 म्हणजे रंगाला हात लावायचा नाही, फक्त उजेडावर काम. रंग शार्पन केला की लाल शालूच्या कडेला भलतीच झालर येते. 7 ही खिडकीची, म्हणजे धूसर प्रत काढताना एकत्र घ्यायच्या पिक्सेलची रुंदी, फुल एचडी केल्यावर उरलेल्या चकतीपेक्षा थोडी मोठी. चकती ३ पिक्सेलची असेल तर 5 ठेवा. ७-८च्या पुढे असेल तर खिडकी वाढवत बसू नका, ती क्लिप शार्पनच्या हातात राहिलेली नाही. जोर ठरवताना शंभर टक्क्यांवर आणि क्लिप चालू ठेवून बघा. थांबवलेल्या फ्रेममध्ये सुंदर दिसणारं शार्पन चालू क्लिपमध्ये गालावर उकळतं. शेरवानीच्या खांद्याजवळ पांढरा धागा दिसला की दोन पावलं मागे या.

दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली आणि तिचा उपयोग शार्पनपेक्षा जास्त झाला. चेहरा मऊ वाटत होता, कारण शेजारी भटजींचा हात लख्ख होता. डोळा तुलना करतो. मी त्या हाताभोवती मास्क काढून ट्रॅक केला आणि हात किंचित धूसर, किंचित काळसर केला. मग फक्त डोळे आणि भुवया मास्क करून तिथे जोर थोडा जास्त दिला, गाल मोकळे सोडले. फ्रेममध्ये चेहऱ्याहून स्पष्ट असं काही उरलं नाही तेव्हा आई म्हणाली, "आता बरं दिसतंय." बहिणीच्या पापण्या त्यातही नाहीत. त्या कधीच येणार नाहीत. अकरापैकी चार सेकंद ठेवली, बाकीच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याचा वाइड आणि फोटोवाल्याचे तीन फोटो घातले.

भागीदाराचं म्हणणं होतं की f/1.8 शिवाय मागचं डेकोरेशन उडत नाही, पिक्चरसारखं दिसत नाही. माझं उत्तर आजही हेच आहे: चार मीटरवर f/1.8 ला नीट फोकसचा पट्टा जेमतेम पाऊण फुटाचा असतो. तोच f/4 वर अर्ध्या मीटरचा होतो. तीच चूक, तेच एक फूट, पण f/4 ला चकती ४ पिक्सेलची आणि फुल एचडीत २ची. ते शार्पनने खरंच झाकलं जातं. उजेड कमी पडून आयएसओ वाढला असता, दाणा आला असता. दाणा कमी करता येतो. पुढच्या हंगामात आम्ही वेगळे झालो आणि आता शूटही मीच करतो. अंतरपाट धरायच्या आधी नवरी बोहल्यावर उभी राहिली की तिच्या मुंडावळीवर फोकस घेतो, f/4 वर लॉक करतो आणि मधे काहीही आलं तरी रिंगला हात लावत नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं फोकस चुकला असेल तरच. चमकणारे ठिपके गोल न दिसता एकाच दिशेला रेघेसारखे ओढलेले असतील तर कॅमेरा हलला आहे किंवा शटर हळू होतं, तिथे वरचे आकडे लागू नाहीत. फ्रेममध्ये पुढे-मागे कुठेच काही स्पष्ट नसेल आणि दिव्यांभोवती धुकं असेल तर लेन्सवर बोटाचा ठसा किंवा वाफ होती. अशा वेळी शार्पनपेक्षा कॉन्ट्रास्ट वाढवून जास्त मिळतं.

आणि तुमच्याकडे आत्ता असलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असेल तर यातलं काहीच करू नका. ती एकदा आणखी दाबली गेली आहे. स्टुडिओला आजच फोन करून कॅमेऱ्यातली मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागा. हंगाम चालू आहे, पुढच्या लग्नाला ते कार्ड फॉरमॅट होईल.