67 नग आणि बाबांचा राग

प्रश्न : मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंपाच्या कास्टिंगची गॅस्केट बसायची बाजू ब्लोहोलसाठी, म्हणजे ओतताना राहिलेल्या बारीक छिद्रांसाठी, डोळ्याने तपासते. पहिल्या आठवड्यात 1000 नगांतून 67 काढले, सुपरवायझरनी परत बघितले तर त्यातले 49 चांगले निघाले. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. घरी मीही रागावलो. मी 26 वर्षं पतसंस्थेत कॅशिअर आहे, रुपयाची चूक नाही. पुढच्या आठवड्यात 1000 मधून 16च काढले (4 चांगले), तर ग्राहकाकडून 8 खराब नग परत आले. आधीच्या आठवड्यातले 2 आले होते. हिचं लक्षच नाही. नोकरी सोडवून एमपीएससीला बसवावं का?
— एक पालक, तासगाव

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेला आकडा 26 आहे. त्या 26 वर्षांच्या मापाने तुम्ही मुलीला मोजताय, आणि ते माप इथे लागू पडत नाही. संध्याकाळी कॅश जुळते किंवा जुळत नाही, आणि जुळली नाही तर त्याच रात्री बसून चूक सापडते. तुमच्या कामातलं तिच्यासारखं काम वेगळंच आहे : कुणी 500ची मळकी, संशयास्पद नोट पुढे केली की उजेडात धरून घ्यायची की नाही ते ठरवणं. खऱ्या नोटेवरही शंका घेऊन तुम्ही कधी ना कधी ती परत केली असेल. ती चूक रजिस्टरात चढत नाही, म्हणून तुमच्या हिशेबात नाही.

तुमची मुलगी दिवसभर तेच करते. चांगला नग खराब ठरवणं ही संख्याशास्त्रात पहिल्या प्रकारची चूक (नग चांगला आहे असं धरून सुरुवात करायची म्हणून) आणि खराब नग चांगला म्हणून सोडणं ही दुसऱ्या प्रकारची. कारखान्यात पहिलीला खोटी हाकाटी म्हणा, दुसरीला सुटलेला दोष. डोळा तोच, उजेड तोच, भिंग तेच असेल, तर एक कमी केली की दुसरी वाढते. पहिल्या आठवड्यात तिने बारीक ठिपकाही संशयास्पद धरला. बोलणी बसल्यावर ‘नक्की खराब दिसला तरच काढायचा’ असं ठरवलं. लक्ष दोन्ही आठवडे होतं. सरकली ती फक्त चांगला आणि खराब यांच्यामधली रेघ, आणि ती तुम्ही दोघांनी, म्हणजे सुपरवायझरने आणि तुम्ही, ओरडून सरकवलीत.

आता तुमचा मुख्य गैरसमज. ‘67 पैकी 49 चांगले, म्हणजे चारातले तीन निर्णय चुकले.’ तसं नाही. ग्राहकाने पकडले तेवढेच सुटले असं धरलं, तर त्या आठवड्यात 1000 मध्ये 20 खराब होते : 18 तिने काढले, 2 सुटले. उरलेले 980 चांगले. त्यातले 49 तिने चुकून काढले, म्हणजे दर 100 चांगल्या नगांमागे 5. बाकीचे 95 तिने बरोबर सोडले. तरीही काढलेल्या ढिगात चांगले जास्त दिसतात, कारण चांगले नग मुळातच खराबांच्या 49 पट आहेत. इतक्या मोठ्या ढिगातला थोडासा भागही 18 ला झाकून टाकतो. दोष जितके दुर्मिळ, तितका रिजेक्टचा ढीग चांगल्या नगांनी भरणार, मग तपासनीस हुशार असला तरी. म्हणून नुसता तो ढीग बघून माणसाची किंमत करणारा सुपरवायझर मला फारसा पटत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकूण चुका 51 वरून 12 वर आल्या. मग आठवडा सुधारला का? पैसे लावून बघा. समजा, एक नग पुन्हा तपासायला 30 रुपये लागतात आणि ग्राहकाकडून परत आलेल्या एका नगाला वाहतूक, बदली आणि तिकडच्या छाटणीसह 2000 रुपये. पहिल्या आठवड्यात 49 नगांचे 1470 आणि 2 नगांचे 4000, एकूण 5470. दुसऱ्यात 4 नगांचे 120 आणि 8 नगांचे 16000, एकूण 16120. जिला शिव्या बसल्या ती रेघ जवळजवळ तिप्पट स्वस्त होती. माझे रुपये अंदाजाचे आहेत. तिच्या कारखान्यातले खरे आकडे टाका. पण एक सुटलेला नग किती खोट्या हाकाट्यांच्या बरोबरीचा, हे मालकाने ठरवायचं असतं. नुकत्याच कामाला लागलेल्या मुलीने घाबरून ठरवायचं नसतं.

पहिला आठवडा चांगला होता असंही मी म्हणत नाही. 20 मधले 2 सुटणं म्हणजे 10 टक्के. वाहन उद्योगाच्या मोजमाप-पद्धतीच्या नियमावलीत डोळ्याने होणाऱ्या तपासणीसाठी सुटलेले दोष 2 टक्क्यांच्या आत आणि खोटी हाकाटी 5 टक्क्यांच्या आत हवी असते. मात्र 20 खराब नगांवर काढलेल्या 10 टक्क्यांवर फार विसंबू नका. पुढच्या आठवड्यात तीच मुलगी तशीच तपासेल तरी कदाचित एकही सुटणार नाही, कदाचित 4 सुटतील.

दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर रेघ हलवून भागत नाही, दिसणं सुधारावं लागतं. तिरपा उजेड पाडला की छिद्राची सावली उठून दिसते. त्याशिवाय ‘इतपत चालेल’ आणि ‘इथून पुढे नाही’ असे दोन खरे नग, म्हणजे लिमिट सॅम्पल, टेबलावर हवेत. तिसरा डबाही हवा, संशयितांचा : तिने शंका आलेला नग त्यात टाकायचा आणि दुसऱ्याने निवांत बघायचा. त्यामुळे खोटी हाकाटी भंगारापर्यंत जात नाही. दुसरा माणूस घाईत असेल, तर मात्र तिने पकडलेले खराब नग तोच सोडून देईल.

यातलं काय कमी आहे ते शोधायची पद्धत ठरलेली आहे. आधी नीट पारखून ठेवलेले 50 नग घ्यायचे, त्यात काठावरचे मुद्दाम मिसळायचे, आणि तीन तपासनिसांना क्रम बदलून तीन-तीनदा दाखवायचे. नगाचा नंबर त्यांना दिसता कामा नये. तोच नग तुमची मुलगी एकदा चांगला आणि एकदा खराब म्हणाली, तर उजेड, थकवा किंवा सराव बघायचा. ती तिन्ही वेळा एकच सांगते पण शेजारचा तिन्ही वेळा उलटं सांगतो, तर दोघांचेही डोळे ठीक आहेत. मर्यादाच कुणी लिहून दिलेली नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर तिला स्वतःला हवं असेल तर बघा, तुमच्या रागावर उतारा म्हणून नको. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं, तो रस्ता उघडा आहेच. पण आज मी तिला सल्ला देत नाही, तुम्हालाच एक काम सांगतो. रविवारी तिला शांतपणे विचारा, की त्या 49 नगांवर तिने खडूने खूण नेमकी कुठे केली होती. बहुतेक खुणा एकाच जागी असतील, समजा बोल्टच्या भोकाजवळ, तर तिथे किती मोठं छिद्र चालतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने हा प्रश्न सुपरवायझरला कधी विचारला होता का, आणि त्याने काय उत्तर दिलं, तेही विचारा. मग मला पुन्हा लिहा.