‘२४ तासांच्या आत रद्द केल्यास’ म्हणजे नेमकं कधी?

प्रश्न: मी पुण्यात स्वतंत्रपणे करसल्लागार म्हणून काम करते. ४५ मिनिटांच्या सल्ल्याचे १,५०० रुपये आगाऊ घेते आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज पाठवते. त्यात मी असं लिहिते: ‘२४ तासांच्या आत अपॉइंटमेंट रद्द केल्यास अथवा आपण अनुपस्थित राहिल्यास परतावा मिळणार नाही.’ ‘नो-शो’साठी ‘अनुपस्थित’ बरोबर आहे का? की आणखी चांगला शब्द आहे?

उत्तर: ‘अनुपस्थित’ चुकीचा नाही, पण तुमच्या वाक्यातली खरी अडचण त्याच्या बरीच आधी, ‘आत’पाशी सुरू होते. म्हणून आधी तिथे थांबू.

मराठीत ‘आठ दिवसांच्या आत पैसे भरा’ म्हटलं की मोजणी आजपासून पुढे होते. नोटीस आली, आजपासून आठ दिवस. तुमचा मेसेज तर बुकिंग झाल्याझाल्या येतो. साहजिकच वाचणारा २४ तास मोजतो ते मेसेज आल्यापासून. म्हणजे त्याच्या मते वाक्याचा अर्थ असा: आज बुकिंग केलं आणि उद्यापर्यंत रद्द केलं तर पैसे बुडाले, परवा रद्द केलं तर मिळतील! हा अर्थ विचित्र आहे खरा. पण अटी विचित्रच असतात अशी लोकांची समजूत असल्यामुळे तो कुणाला खटकत नाही. माझ्या ओळखीच्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या मेसेजमध्ये हेच वाक्य होतं. भेटीच्या तीन तास आधी रद्द करणारा माणूस त्यांच्याशी अगदी प्रामाणिकपणे भांडला. ‘बुकिंग करून आठवडा झाला, २४ तास कधीच उलटून गेले,’ असं त्याचं म्हणणं होतं. मराठी त्याच्या बाजूने होती.

बरं, ‘आत’ काढून ‘२४ तासांपूर्वी कळवा’ केलं तर? तेही फसतं. ‘दोन दिवसांपूर्वी’ म्हणजे दोन दिवस मागे, होऊन गेलेलं. ‘२४ तासांपूर्वी कळवा’ हे शब्दशः घेतलं तर काल कळवायला हवं होतं. ‘२४ तासांआधी’ तसंच लोंबकळतं. सरळ रूप आहे ‘भेटीच्या किमान २४ तास आधी’. इथे ‘तास’ला विभक्ती लागत नाही, आणि मोजणी कुठून करायची ते ‘भेटीच्या’ या शब्दाने बांधलं जातं. तो शब्द गाळू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. ‘एक दिवस आधी’ही नको. शनिवारी सकाळी ११ची भेट असेल, तर शुक्रवारी रात्री दहाला कळवणारा म्हणेल की मी एक दिवस आधीच कळवलं, आणि कॅलेंडरप्रमाणे तो खोटं बोलत नसेल.

माझं मत विचाराल तर तासांचा हिशोब गिऱ्हाइकावर टाकूच नका. भेटीची वेळ तुम्हाला माहीत आहे, त्यातून २४ वजा करा आणि वार, तारीख, वेळ लिहून टाका: ‘शुक्रवार, १० जुलै, सकाळी ११ वाजेपर्यंत’. प्रत्येक मेसेजमध्ये एक तारीख बदलावी लागेल, एवढाच त्रास. कळवायचं कुठे, तेही याच वाक्यात हवं, नाहीतर कुणी मिस्ड कॉल देऊन कळवलं म्हणेल. ‘याच नंबरवर मेसेज करा’ एवढं पुरे.

आता ‘आपण’. आदरार्थी म्हणून तुम्ही तो वापरलात, पण ‘आपण’चा दुसरा अर्थ ‘तुम्ही आणि मी मिळून’ असाही होतो. ‘चला, आपण जाऊ’मधला. निमंत्रणपत्रिकेत हा गोंधळ गोड असतो. पैशाच्या अटीत नको. कोण रद्द करतंय यावरच पैसे कुणाचे ते ठरतं, म्हणून तिथे ‘तुम्ही’ लिहा. ‘तुम्ही’ पुरेसा आदराचा आहे. आणि स्वतःसाठी ‘मी’ लिहा. एकट्याच काम करता, मग ‘आम्ही’ कशाला?

याच कारणाने ‘रद्द झाल्यास’ही टाळा. झाल्यास म्हणजे कुणामुळे? तुम्ही आजारी पडलात म्हणून झाली तरी ती ‘रद्द झाली’च. ‘तुम्ही रद्द केलीत तर’ आणि ‘मला रद्द करावी लागली तर’ अशी दोन वेगळी वाक्यं हवीत. तुमच्या मेसेजमध्ये दुसरं वाक्य मुळीच नाही, हे सांगून ठेवतो. (जाता जाता: ‘रद्द’ हा मूळ अरबी शब्द, आणि तिथे त्याचा एक अर्थ परत करणं, परत देणं असा आहे. मराठीत येताना ती परतफेड गळाली आणि मागे उरली रद्दी.)

मग ‘परतावा’. इतर कुणाच्या मेसेजमध्ये मी तो चालवून घेतला असता, करसल्लागाराच्या मेसेजमध्ये नाही. गुंतवणुकीवर मिळतो तो परतावा, आयकर खात्याकडून येतो तोही परतावा. विवरणपत्रांच्या हंगामात तुमच्याकडे येणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नसतंच. त्याला ‘परतावा मिळणार नाही’ असा मेसेज गेला तर तो वरचं काही न वाचता तुम्हाला फोन करेल. ‘भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ असं लिहा. दोन शब्द जास्त, पण गैरसमज शून्य.

काही जण या ठिकाणी ‘रक्कम जप्त होईल’ लिहितात. तो शब्द निवडणुकीतल्या अनामत रकमेला आणि पोलिसांच्या पंचनाम्याला शोभतो. कुणी ‘दंड’ लिहितात, आणि तो नुसता कर्कश नाही, अडचणीचाही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम आधी ठरवलेली असली तरी तिच्या मर्यादेत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही करारभंगाबद्दल नुकसानीशी अजिबात प्रमाणात नसलेला दंड लावणं ही अन्याय्य कराराची एक खूण म्हणून दिली आहे. आपणच आपल्या शुल्काला ‘दंड’ म्हणवून घेण्यात काय फायदा? त्यापेक्षा ते पैसे कशाचे आहेत ते सांगा. ते राखून ठेवलेल्या वेळाचे आहेत.

इथे मराठी तुमच्या मदतीला येते, कारण ‘वेळ’ला आपल्याकडे दोन लिंगं आहेत. ‘ती वेळ’ म्हणजे घड्याळातला क्षण: ११ची वेळ, ठरलेली वेळ. ‘तो वेळ’ म्हणजे कालावधी: माझा वेळ गेला, वेळ मोडला. तुमच्या दोन अटी या दोन लिंगांवर नेमक्या बसतात. मुदतीत कळवलं तर ती वेळ बदलून मिळते. मुदतीनंतर तो वेळ दुसऱ्या कुणाला देता येत नाही, म्हणून पैसे ठेवून घेता. त्यामुळे ‘तुमच्यासाठी राखून ठेवलेला वेळ’ लिहा, ‘राखून ठेवलेली वेळ’ नको. हा फरक वाचणाऱ्याला व्याकरण म्हणून कळणार नाही, पण कानाला पटेल. ‘भेट पुढे ढकलणे’ही मी लिहिणार नाही, कारण कुणाला आधीची वेळही हवी असू शकते. ‘वेळ बदलून घेणे’ दोन्हीला चालतं.

आणि आता तुमचा मूळ शब्द. ‘गैरहजर’ ऐकलं की हजेरीपट आठवतो, ‘अनुपस्थित’ ऐकलं की सभेचं इतिवृत्त. ‘दांडी मारली’ खरं तर अर्थाला सगळ्यात जवळचा, पण गिऱ्हाइकाला कसं लिहिणार? ‘नो-शो’ देवनागरीत लिहिलं तर विमान आणि हॉटेलवाल्यांना सवयीचं असेल, पगारदार मध्यमवयीन गिऱ्हाइकाला नाही. मला वाटतं, नाम शोधण्यातच चूक आहे. इंग्रजीला तिथे नाम हवं असतं, मराठीला क्रियापदाने भागतं: ‘न कळवता आला नाहीत तर’. ऑनलाइन असेल तर ‘कॉलवर आला नाहीत तर’, कारण नुसतं ‘आला नाहीत’ म्हटलं की माणूस ऑफिसचा पत्ता शोधायला लागतो.

शब्दापेक्षा महत्त्वाचं म्हणजे किती वाजता माणूस ‘आला नाही’ असं धरायचं. ११:०५ला? ११:४०ला? हे लिहिलेलं नसेल तर ‘अनुपस्थित’ काय आणि ‘गैरहजर’ काय, दोन्ही पोकळ. मी १५ मिनिटं धरतो: ४५ पैकी ३० उरतात, आणि त्यात निदान एक प्रश्न नीट सोडवता येतो. उशिरा आलेल्याचा सल्ला ११:४५लाच संपेल, हेही सांगावं लागतं, नाहीतर १५ मिनिटं थांबल्याची भरपाई पुढचं गिऱ्हाईक करतं.

हे सगळं एकत्र केलं तर मेसेज साधारण असा होईल:

> नमस्कार. शनिवार, ११ जुलै, सकाळी ११ ते ११:४५ हा वेळ तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. १,५०० रुपये मिळाले.
>
> वेळ बदलायची किंवा भेट रद्द करायची असेल तर शुक्रवार, १० जुलै, सकाळी ११ वाजेपर्यंत याच नंबरवर मेसेज करा. वेळ बदलून देईन किंवा सगळे पैसे तीन दिवसांत परत करेन.
>
> त्यानंतर रद्द केलीत, किंवा न कळवता कॉलवर आला नाहीत, तर भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, कारण तो वेळ मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मी ११:१५ पर्यंत वाट पाहीन. उशीर झाला तरी आपलं बोलणं ११:४५ला संपेल.
>
> मला भेट रद्द करावी लागली तर वेळ बदलून घ्यायची की सगळे पैसे परत घ्यायचे, ते तुम्ही ठरवा.

‘तीन दिवसांत’ इथे चालतं, कारण ते कळवल्यापासून पुढेच मोजायचं आहे. मराठीच्या मूळ सवयीप्रमाणे. ‘आपलं बोलणं’मधला ‘आपलं’ही मुद्दाम ठेवला आहे, कारण तिथे खरोखरच दोघं आहेत. घरात कुणी दवाखान्यात असेल तर काय, हे मी लिहिलेलं नाही. ती सवलत तुम्ही देत असालच, पण लिहून ठेवली की प्रत्येक शुक्रवारी कुणाची तरी आजी आजारी पडते.

एक गोष्ट भाषेबाहेरची. तुम्ही हा मेसेज पैसे मिळाल्यानंतर पाठवता. सौदा पुरा झाल्यावर पहिल्यांदा समोर आलेली अट ही अट कमी आणि बातमी जास्त असते; वाद झालाच तर ‘मला आधी सांगितलं नव्हतं’ याला तुमच्याकडे उत्तर नाही. दुसरा आणि तिसरा परिच्छेद जसेच्या तसे यूपीआयचा नंबर पाठवता त्या मेसेजमध्ये, नंबरच्या वर टाका. बुकिंगच्या मेसेजमध्ये ते पुन्हा येऊ देत, फक्त शब्द तेच ठेवा. एकीकडे ‘२४ तास आधी’ आणि दुसरीकडे ‘आदल्या दिवशी’ असं झालं की माणूस त्यातलं स्वतःच्या सोयीचं धरतो.